कार्टून आपल्याकडे आलं, पण फोटो कुणाकडे गेला?

आमच्या घरात आजोबांचा एकच फोटो आहे. श्रावणबाळ योजनेच्या अर्जासाठी तालुक्याला जाऊन काढलेला, पासपोर्ट आकाराचा. एक प्रत अर्जाला लागली, एक पत्र्याच्या पेटीत राहिली आणि पावसाळ्यात ओल लागून तिचाही अर्धा चेहरा गेला. गेल्या वर्षी माझ्या मावसभावाने तो फोटो मोबाईलवरच्या एका ॲपमध्ये टाकला. मिनिटभरात आजोबा स्वच्छ, रंगीत, फेटा बांधलेले असे समोर आले. गेलेला अर्धा चेहरा यंत्राने अंदाजाने भरला होता, तरीही आई कितीतरी वेळ फोन खाली ठेवत नव्हती. ज्या पिढीला कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याचं निमित्त फक्त सरकारी अर्जाने दिलं, तिच्या नातवंडांना या चित्रयंत्राचं अप्रूप का वाटतं हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

प्रश्न पुढे सुरू झाला. त्याच आठवड्यात मावसभावाने माझ्या मोठ्या बहिणीच्या मुलीचा फोटो त्याच ॲपमध्ये टाकला. पोरगी दुसरीत आहे. शाळेच्या पहिल्या दिवशी, घराच्या अंगणात, नव्या गणवेशात काढलेला फोटो. जपानी कार्टूनसारखं गोड चित्र तयार झालं, कुटुंबाच्या ग्रुपवर पडलं आणि अंगठ्यांचा पाऊस पडला. मी त्याला फोन करून विचारलं, "आक्काला विचारलंस का रे?"

तो म्हणाला, "अगं ताई, कार्टूनच तर केलंय. त्यात तोंड तरी वळखू येतंय का?"

सगळी गफलत या एका वाक्यात आहे, आणि ती फक्त माझ्या मावसभावाची नाही. तो यंत्रातून बाहेर आलेल्या चित्राकडे पाहत होता. मी यंत्राच्या आत गेलेल्या फोटोबद्दल विचारत होते. बाहेर आलेल्या कार्टूनने पोरीचं फारसं काही बिघडत नाही. धोका आहे तो मूळ फोटोत, जो आता आपल्या फोनखेरीज आणखी कुठेतरी जाऊन बसला आहे.

एका फोटोत किती माहिती असते

त्या संध्याकाळी आक्का, दाजी आणि मी मूळ फोटो उघडून बसलो. आधी डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी पाहिल्या. पोरीचा चेहरा, समोरून, भरपूर उजेडात. गणवेशाच्या खिशावर शाळेचं बोधचिन्ह. गळ्यात ओळखपत्र, फोटो मोठा करून पाहिला तर त्यावर तिचं पूर्ण नाव, इयत्ता, शाळेचं नाव आणि आक्काचा मोबाईल नंबर स्पष्ट वाचता येत होता. मागे दाजींची मोटारसायकल, नंबरप्लेटसह.

मग न दिसणाऱ्या गोष्टी. मोबाईलच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि फोनचं मॉडेल नोंदलेलं असतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटो काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांशही त्यात जातात. गॅलरीत त्या फोटोचा तपशील उघडला तर खाली नकाशा दिसला आणि त्यावरची खूण थेट आमच्या आळीवर होती.

इथे एक बारकावा समजून घेतला पाहिजे. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि ही छुपी माहिती गळून पडते. पण तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते, आतल्या नकाशासकट. मावसभावाने आक्काकडून फोटो डॉक्युमेंट म्हणूनच मागवला होता, कारण चेहरा स्पष्ट असेल तर चित्र चांगलं येतं. म्हणजे पोरीचं नाव, चेहरा, शाळा, आईचा नंबर, घराची जागा आणि ती सकाळी घरातून किती वाजता निघते त्याचा अंदाज, एवढं सगळं एकाच फाइलमध्ये बांधून त्याने एका अनोळखी ॲपला दिलं होतं.

गंमत म्हणजे यंत्राने कार्टून काढताना गळ्यातलं ओळखपत्र गाळून टाकलं होतं. पोरीच्या ते लगेच लक्षात आलं. "मावशी, माझं ओळखपत्र कुठं गेलं?" तिने विचारलं. आमच्या हातात आलेल्या चित्रातून ते गेलं होतं. आम्ही पाठवलेल्या फोटोत मात्र ते होतंच.

फोटो कुठे जातो आणि किती दिवस राहतो

मार्च २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात ओपनएआय या अमेरिकी कंपनीने चॅटजीपीटीमध्ये नवं चित्रयंत्र सुरू केलं आणि 'जिबली' शैलीची लाट आली. कंपनीच्याच म्हणण्यानुसार पहिल्या आठवड्यात १३ कोटींहून अधिक लोकांनी ७० कोटींहून अधिक चित्रं काढली. सप्टेंबर २०२५ मध्ये गुगलच्या जेमिनीवर साडीतल्या फोटोंची लाट आली. आपल्या जिल्ह्यातल्या गावागावांतले डीपी त्या दिवसांत बदलले, हे आपण सगळ्यांनी पाहिलं.

अशी चित्रं बहुतेक वेळा आपल्या फोनमध्ये तयार होत नाहीत. फोटो इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकावर जातो, तिथे चित्र बनतं आणि परत येतं. मूळ फोटोची प्रत तिथे राहते. म्हणून प्रत्येक सेवेला तीन प्रश्न विचारावे लागतात. प्रत किती दिवस ठेवता? ती माणसं पाहू शकतात का? आणि पुढचं यंत्र शिकवण्यासाठी ती वापरता का?

मोठ्या कंपन्या याची उत्तरं निदान लिहून तरी ठेवतात. चॅटजीपीटीच्या वैयक्तिक खात्यात आपण सेटिंग बदललं नाही, तर आपण दिलेला मजकूर आणि फोटो यंत्राच्या शिक्षणासाठी वापरले जाऊ शकतात. संभाषण पुसलं तर साधारण ३० दिवसांत ते कंपनीच्या यंत्रणेतून काढलं जातं, असं कंपनी सांगते. जेमिनीबाबत गुगलने लिहिलं आहे की काही संभाषणं तपासणीसाठी माणसं वाचतात आणि अशी तपासलेली संभाषणं, आपण आपली नोंद पुसली तरी, तीन वर्षांपर्यंत ठेवली जातात. म्हणजे आज दुसरीत असलेल्या पोरीचा फोटो ती पाचवीत जाईपर्यंत तिथे असू शकतो.

आणि लिहून दिलेला शब्दही परिस्थितीपुढे टिकेलच असं नाही. वृत्तपत्रांनी ओपनएआयवर केलेल्या दाव्यात अमेरिकी न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिला की पुरावा म्हणून वापरकर्त्यांची संभाषणं जपून ठेवा, त्यांनी पुसलेलीसुद्धा. नवी संभाषणं अशी साठवण्याची सक्ती २६ सप्टेंबर २०२५ ला संपली. त्या काळात ज्यांनी लेकराचा फोटो टाकून 'डिलीट' दाबलं, त्यांच्या पडद्यावरून तो गेला, कंपनीच्या कोठारातून गेला नाही. यात कंपनीची लबाडी नव्हती; कंपनीने उलट या आदेशाला विरोधच केला होता. पण मुद्दा तोच आहे. फोटो एकदा दुसऱ्याच्या कोठारात गेला की त्याचं काय करायचं हे कंपनी, न्यायालय, चोर यांपैकी कुणीही ठरवू शकतं. आपण मात्र नाही.

ही झाली मोठ्या कंपन्यांची गोष्ट. आपल्या पोरांच्या फोनमध्ये त्याहून जास्त असतात ती फुकटची छोटी ॲप आणि संकेतस्थळं, ज्यांचा मालक कोण आणि संगणक कुठल्या देशात हेही कळत नाही. जिबलीची लाट भरात असताना, मार्च २०२५ च्या अखेरीस, जेरेमिया फाउलर या सुरक्षा संशोधकाने एक गोष्ट उघड केली. जेननोमिस नावाच्या दक्षिण कोरियाशी संबंधित चित्रसेवेचं कोठार इंटरनेटवर पासवर्डशिवाय उघडं पडलं होतं. त्यात ९० हजारांहून अधिक फाइली होत्या. त्यांमध्ये चेहरे बदलून बनवलेली अश्लील चित्रं होती आणि लहान मुलांची वाटतील अशी चित्रंही होती. त्याने कळवल्यावर ते कोठार बंद झालं. तोपर्यंत ते आणखी कुणी पाहिलं, हे सांगता येत नाही. मावसभावाने वापरलेलं ॲप असंच होतं असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की ते तसं नव्हतं, हे कळायला आमच्याकडे कोणताही मार्ग नव्हता.

'आमच्या साध्या फोटोत कुणाला काय रस?'

हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत विचारला जातो. विचारणाऱ्या बायांचं बरोबरही असतं: कळंब किंवा वाशीच्या एका खेड्यातल्या पोरीत परदेशातल्या कंपनीला वैयक्तिक रस नसतोच. पण या व्यवहारात व्यक्तीमध्ये रस असावा लागत नाही. फोटो ढिगाने गोळा होतात.

२०२४ मध्ये ह्युमन राइट्स वॉच या संघटनेने 'लायन-५बी' नावाचा एक साठा तपासला. यंत्रांना चित्र काढायला शिकवण्यासाठी इंटरनेटवरून गोळा केलेल्या सुमारे ५८५ कोटी चित्रांची ती यादी आहे. संघटनेने त्यातला ०.०००१ टक्क्यांहूनही कमी भाग पाहिला. तेवढ्यात ब्राझीलमधल्या १७० आणि नंतर ऑस्ट्रेलियातल्या १९० मुलांचे फोटो सापडले. वाढदिवसाचे, शाळेच्या कार्यक्रमांचे. काही फोटोंसोबत मुलांची नावं आणि ठिकाणंही होती. त्यातले काही फोटो आईबापांनीच टाकलेले होते. इथे एक फरक नोंदवायला हवा. हे फोटो कुणी चित्रयंत्राला दिलेले नव्हते, ते उघड्या संकेतस्थळांवरून उचलले गेले. पण शिकवण्याच्या साठ्यात एकदा गेलेला फोटो पुढे काय होतो ते यातून कळतं. यादीतून त्याचा पत्ता काढता येतो. जे यंत्र त्यावर शिकून तयार झालं त्याला तो विसरायला लावता येत नाही.

दुसरा धोका दूरचा नाही, ओळखीतलाच आहे. स्पेनमधल्या अल्मेंद्रालेखो या छोट्या शहरात सप्टेंबर २०२३ मध्ये शाळकरी पोरांनी आपल्याच ओळखीच्या मुलींचे समाजमाध्यमांवरचे साधे फोटो एका ॲपमध्ये टाकले आणि त्यांची नग्न चित्रं बनवून फिरवली. पुढच्या वर्षी बालन्यायालयाने १५ पोरांवर एक वर्षाची देखरेख लादली. फोटो साधे होते, कपडे पूर्ण होते. एक स्पष्ट चेहरा पुरेसा ठरला.

हे सांगताना मला कुणाला घाबरवायचं नाही. टाकलेल्या प्रत्येक फोटोचा गैरवापर होत नाही. बहुतेकांचं काहीच होत नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. लेकराचा चेहरा, नाव आणि जन्मतारीख बदलता येत नाही. नुकसान क्वचित होतं, पण झालं तर परत फिरवता येत नाही, आणि ते भोगणारी व्यक्ती अपलोड करणाऱ्यापेक्षा वेगळी असते. माझा आक्षेप या शेवटच्या मुद्द्यावर आहे.

कायदा उंबऱ्यापाशी थांबतो

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मूलही व्यक्तीच आहे, म्हणून तो हक्क मुलालाही आहे. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. १८ वर्षांखालील मुलाची माहिती वापरायची तर कंपनीने पालकाची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, असं हा कायदा म्हणतो. मुलांबाबतची ही कर्तव्यं मोडली तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र कंपन्यांना तयारीसाठी १८ महिने दिले आहेत, त्यामुळे या मुख्य तरतुदी मे २०२७ पर्यंत लागू व्हायच्या आहेत.

तोपर्यंत थांबलो तरी एक फट राहतेच. याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात लिहिलं आहे की एखादी व्यक्ती वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरत असेल तर तिला हा कायदा लागू नाही. माझा मावसभाऊ या कायद्याच्या कक्षेत येतच नाही. तो स्वतःच्या खात्यातून भाचीचा फोटो टाकतो. समोरच्या यंत्राला दिसतं की एक सज्ञान माणूस फोटो देतो आहे. फोटोतलं मूल कुणाचं, त्याच्या आईला विचारलं का, हे तिथे कुणी विचारत नाही. घराघरात पोलीस शिरू नयेत म्हणून ही सवलत योग्यच आहे. पण तिचा अर्थ असा की उंबऱ्याच्या आतला नियम सरकार करणार नाही. तो आपल्याला करावा लागेल.

आणि हा नियम करताना 'लेकरू माझं, फोटो माझा' ही समजूत तपासावी लागेल. पालक मुलाच्या वतीने निर्णय घेतो, मुलाचा मालक म्हणून नाही. जे लेकरू उद्या मोठं होऊन विचारू शकतं की माझा चेहरा तुम्ही कुणाला दिला, त्याच्याशी आपण आजच हिशोबाने वागलं पाहिजे.

ज्यांच्या लेकरांना कुणीच विचारत नाही

इथे आमच्या कामाच्या क्षेत्राबद्दल बोललं नाही तर हा लेख अप्रामाणिक ठरेल. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर गावात राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालतं. तिथे दर महिन्याला फोटो निघतात: जेवतानाचे, अभ्यासाचे, वजन-उंची मोजतानाचे. हे फोटो अहवालाला लागतात. एका कार्यक्रमाच्या वेळी मी स्वतः असे सात-आठ फोटो एका फुकटच्या संकेतस्थळावर टाकून उजळ करून घेतले होते. अंधारात काढलेले होते, अहवालात चांगले दिसावेत एवढाच हेतू. त्या मुलांचे आईबाप तेव्हा फडावर होते. मी त्यांना विचारलं नाही. विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही.

मावसभावाला जाब विचारताना मला हे आठवलं. शिकलेल्या, सुस्थित घरातल्या मुलाचा फोटो घेताना शाळा पालकांकडून संमतीपत्र भरून घेते. वस्तीवरच्या, वीटभट्टीवरच्या, फडावरच्या मुलाचा फोटो मात्र कुणीही काढावा, कुठेही टाकावा. गरिबाच्या लेकराचा चेहरा ही सार्वजनिक वस्तू आहे, ही समजूत आपल्यासारख्या कार्यकर्त्यांमध्येही किती खोल आहे, याचा हा पुरावा. आता आम्ही पाठमोरे फोटो, हातांचे, वह्यांचे, ताटांचे फोटो वापरतो. अहवालाचं काही अडलेलं नाही.

घरचा नियम

पहिली सवय सर्वांत सोपी आहे. चित्र हवं असेल तर फोटो न देता वर्णन द्या. "दोन वेण्या, पिवळा फ्रॉक, हातात पतंग, मागे ज्वारीचं शेत, सात वर्षांची मुलगी" एवढं लिहिलं तरी सुंदर कार्टून येतं. आम्ही वाढदिवसाला तसंच केलं आणि पोरीला ते जास्त आवडलं, कारण पतंगाचा रंग तिने ठरवला.

चेहऱ्याशिवायचा फोटो चालत असेल तर तो द्या. चेहरा झाकायचा तर त्यावर पूर्ण भरीव रंग किंवा मोठी इमोजी ठेवा. हलका धूसरपणा किंवा हायलायटर पेनची रेघ पुरत नाही, खालचं दिसू शकतं. मग त्या झाकलेल्या चित्राचा स्क्रीनशॉट काढा आणि तोच वापरा. स्क्रीनशॉटमध्ये मूळ फोटोतले अक्षांश-रेखांश येत नाहीत. ओळखपत्र, शाळेचा फलक, नंबरप्लेट कापून टाका. आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन `Location tags` किंवा `Save location` आजच बंद करा.

फोटो फक्त उजळायचा किंवा कापायचा असेल तर फोनच्या गॅलरीतली साधनं पुरतात. एखादं ॲप फोटो बाहेर पाठवतं का हे तपासायला विमान मोड चालू करून ते वापरून पाहा. काम झालंच नाही तर फोटो बाहेर जातो हे पक्कं समजा. काम झालं तरी निर्धास्त होऊ नका, नेट चालू झाल्यावर ते पाठवू शकतं. ॲप गॅलरीची परवानगी मागतं तेव्हा सगळी गॅलरी उघडी करू नका. नव्या फोनमध्ये `Select photos` असा पर्याय येतो, त्यात एकच फोटो निवडता येतो.

मोठ्यांचे फोटो चॅटजीपीटीवर टाकत असाल तर `Settings` → `Data controls` → `Improve the model for everyone` हे बंद करा. जेमिनीमध्ये `Keep activity` बंद करा. तरीही संभाषण ७२ तासांपर्यंत ठेवलं जातं. ही सेटिंगं फोटो शिक्षणासाठी वापरणं थांबवतात, फोटो जाणं थांबवत नाहीत. म्हणून लेकरांच्या बाबतीत मी सेटिंगवर विसंबत नाही.

वाढदिवसाच्या फ्लेक्सचं विसरू नका. फ्लेक्सवाला किंवा स्टुडिओवाला चेहरा स्पष्ट करायला बहुधा असंच एखादं संकेतस्थळ वापरतो. त्याला आधी विचारा. आणि चौकात लागणाऱ्या बॅनरवर लेकराचं पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळा आणि चेहरा एकत्र छापू नका, कारण त्या बॅनरचा फोटो पुढे कुणीही काढू शकतं.

विपरीत घडलंच, कुणी लेकराचं अश्लील चित्र बनवलं, तर पोरीला दोष देऊ नका आणि ते चित्र पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला पाठवू नका. फिरवणाऱ्या खात्याचं नाव, लिंक, तारीख, वेळ लिहून ठेवा. cybercrime.gov.in वर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करा. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आहे. संगणकाने बनवलेलं पण खऱ्या मुलासारखं दिसणारं चित्रही पोक्सो कायद्याच्या व्याख्येत येतं, हे ठाणेदाराला सांगायला कचरू नका. takeitdown.ncmec.org या ठिकाणी चित्र न पाठवता त्याची फक्त अंकी खूण आपल्याच फोनवर तयार होते आणि सहभागी कंपन्या त्यावरून ते आपल्या मंचांवर शोधून हटवतात.

आमच्या पोरीच्या फोटोचं पुढे काय झालं? मावसभावाने त्या ॲपमधला इतिहास पुसला, ॲपमधूनच खातं बंद केलं आणि मग ॲप काढून टाकलं. नुसतं ॲप काढलं असतं तर खातं तिथेच राहिलं असतं. धोरणाच्या पानावर एक ईमेल पत्ता होता, त्यावर फोटो काढून टाका असं कळवलं. उत्तर आलेलं नाही. आक्काने शाळेला सांगून ओळखपत्राच्या पुढच्या बाजूचा मोबाईल नंबर मागच्या बाजूला घ्यायला लावला. आजोबांचा फोटो मात्र तसाच ठेवला आहे, फ्रेम करून, भिंतीवर. त्यांचा निर्णय आम्ही घेतला, कारण आता ते सांगू शकत नाहीत. पोरगी सांगू शकते. परवा मी तिचा फोटो काढायला फोन वर केला तर ती म्हणाली, "आधी सांग, कुणाला दाखवणारेस?"

हाच प्रश्न प्रत्येक घरात लेकरांनी विचारावा, आणि आपल्याकडे त्याचं खरं उत्तर असावं.